तीन कॅप्सूलसाठी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

मी नाशिकरोडला राहते आणि स्तनाच्या कर्करोगासाठी दर 21 दिवसांनी शासकीय योजनेतून केमोथेरपी घेते. औषधाला एक रुपयाही लागणार नाही, असे मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. गेल्या सोमवारी, तिसऱ्या सायकलला, औषधांच्या खिडकीवर उलटी रोखणारी ॲप्रेपिटंटची कॅप्सूल नव्हती. “बाहेरून आणा,” एवढे उत्तर मिळाले तेव्हा नळीतून लाल औषध सुरू झाले होते; कॅप्सूल मात्र त्याच्या तासभर आधी पोटात जावी लागते.

पहिल्या सायकलला मला ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या मिळाल्या आणि पाकिटावर “उलटी झाल्यास” असे लिहिले होते. मी उलटीची वाट पाहिली, मग गोळी घेतली, आणि ती पाण्यासकट बाहेर आली. तिसऱ्या दिवशी लघवी चहासारखी गडद झाली, मी न्हाणीघरात कोसळले आणि दोन दिवस सलाईनवर काढले.

दुसऱ्या सायकलला एका सिस्टरने मला समजावले की, ऑन्डान्सेट्रॉन मुख्यतः पहिल्या दिवसाची उलटी अडवते. दुसऱ्या दिवसापासूनची मळमळ शरीरातल्या वेगळ्या रसायनामुळे येते आणि तिथे ती गोळी तोकडी पडते. त्यासाठी पहिल्या दिवशी 125 मिलिग्रॅमची आणि पुढच्या दोन सकाळी 80 मिलिग्रॅमची अशा ॲप्रेपिटंटच्या तीन कॅप्सूल असतात. डॉक्टरांनी मळमळीसाठी रात्री ओलान्झापिनही दिले. त्याने गुंगी येते, पण मी झोपले. ऑन्डान्सेट्रॉन जेवणाच्या अर्धा तास आधी घेऊ लागले, तेव्हा घास टिकला. त्या गोळीने बद्धकोष्ठ होतो आणि त्यानेही मळमळते, हेही सिस्टरनेच सांगितले.

त्या वेळी घरात फोडणी बंद ठेवली, कारण गरम अन्नाचा वास आला की पोट ढवळायचे. दर दोन तासांनी चार-पाच घास गार दहीभात किंवा उठल्याउठल्या कोरडा टोस्ट, आणि पाणी जेवणासोबत न घेता मध्ये घोट घोट. नीट धुऊन फ्रीजमध्ये गार केलेली द्राक्षे चोखली की तोंडातली धातूसारखी चव जायची. आवडीची पुरणपोळी मुद्दाम टाळली; केमोच्या दिवसांत खाल्लेल्या पदार्थाची कायमची शिसारी बसू शकते.

हे सारे जमत असताना या खेपेला पुन्हा तोच तिसरा दिवस माझ्या वाट्याला आला. दहीभाताचा दुसरा घासही राहिला नाही आणि माझा मुलगा बादली धरून रडला. साहेब, हजारोंचे केमोचे औषध येते आणि सोबतच्या तीन कॅप्सूल येत नाहीत, याचा जाब कोणी द्यायचा? केमोच्या डे-केअर केंद्रांच्या उद्घाटनांना आपले लोक वेळेवर पोहोचतात, पुरवठ्याची फाईल पोहोचत नाही. खुर्च्या मोजणाऱ्या या व्यवस्थेने त्या खुर्चीतून उठून घरी गेलेल्या बाईच्या पोटात काय राहिले, हे कधी विचारलेले नाही.

माझी मागणी एवढीच आहे: केमो सुरू होण्याआधी पूर्ण संच रुग्णाच्या हातात द्यावा आणि “उलटी झाल्यास” ऐवजी कोणती गोळी किती वाजता, हे मराठीत लिहून द्यावे. दिवसभर पाणीही टिकले नाही, तर कोणाला फोन करायचा, तो क्रमांक त्याच कागदावर असावा.

माझी चौथी सायकल दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी 11 वाजता आहे. कॅप्सूल मला 10 वाजता लागेल.

आपली,
नाशिकरोडची एक रुग्ण