91 पैशांचा हिशेब जुळत नाही

महोदय,

शहरातल्या एका वैद्यकीय मदत संस्थेच्या वार्षिक अहवालातले 'रुपया असा आला, रुपया असा गेला' हे वर्तुळ कालच्या अंकात आपण जसेच्या तसे छापले. खाली ठळक ओळ दिली : 'तुमच्या प्रत्येक रुपयातले 91 पैसे थेट रुग्णांपर्यंत.' गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांसाठी ही संस्था काम करते, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार 91 या आकड्याबद्दल आहे. तो चुकीचा आहे, आणि चूक त्याच अहवालाच्या शेवटच्या पानांवर, लेखापरीक्षकाने सही केलेल्या पत्रकांत उघड दिसते. ती पाने आपल्या वार्ताहराने उघडलीच नाहीत.

वर्तुळात जमा एक कोटी आणि खर्चही बरोबर एक कोटी आहे. तिथेच शंका यायला हवी होती. संस्थेचे वर्ष 31 मार्चला सहसा असे काट्यावर संपत नाही. काहीतरी शिल्लक राहते किंवा तूट पडते. आता सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या नमुन्यातले, म्हणजे अनुसूची 9 चे उत्पन्न-खर्च पत्रक पाहा. तिथे उत्पन्न 80 लाख आहे. मग वर्तुळातले वरचे 20 लाख आले कुठून?

त्यातले 12 लाख देणगीदारांनी कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी, तसे लेखी सांगून दिले आहेत. अशी रक्कम खर्चायची नसते. ती मुदत ठेवीत राहते आणि फक्त तिचे व्याज वापरले जाते. म्हणून ती उत्पन्नात न येता थेट ताळेबंदात, अनुसूची 8 मध्ये कायम निधीखाली जाते. लेखापरीक्षकाने ती तिथेच दाखवली आहे. वर्तुळ काढणाऱ्याने मात्र ती जमेत धरली, आणि दुसरी बाजू जुळावी म्हणून 'रुग्णसेवा' या फाकेत टाकली. बँकेत ठेवलेले 12 लाख रुग्णापर्यंत पोहोचले असे कसे म्हणता येईल?

उरलेले 8 लाख सीएसआरचे, म्हणजे कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून दिलेल्या निधीतले आहेत. कंपनीने 20 लाख दिले, त्यातले 12 लाख 31 मार्चपर्यंत खर्च झाले. बाकीचे ताळेबंदात 'अखर्चित अनुदान' म्हणून बसले आहेत. ते ठरलेल्या कामावर खर्च झाले नाहीत तर कंपनीला उत्तर द्यावे लागेल, म्हणून ते दायित्व आहे. वर्तुळात तेही रुग्णसेवेत गेले.

तिसरी गोष्ट औषधांची, आणि ती सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येते. 22 लाखांची औषधे वस्तुरूपाने मिळाली आणि वाटली गेली. अनुसूची 9 मध्ये रोख आणि वस्तुरूप देणगीचे शीर्षक एकच असल्याने ती तिथे दाखवण्यात गैर काही नाही. पण हे 22 लाख जमेतही येतात आणि रुग्णसेवेतही येतात. प्रशासनाच्या वाट्याला त्यातला एक पैसाही जात नाही. म्हणजे औषधे जितक्या चढ्या भावाने धराल, तितका रुग्णसेवेचा टक्का आपोआप वाढतो. संस्थेच्या टिपेत भाव 'छापील किंमतीनुसार' असे लिहिले आहे. गांधीबागेच्या दवाबाजारात जेनेरिक औषधाचा घाऊक भाव आणि पाकिटावरची छापील किंमत यांत केवढे अंतर असते, हे कोणताही औषधविक्रेता सांगेल. संस्थेने ती औषधे ज्या भावाने विकत घेतली असती, तोच भाव धरायला हवा. मुदत उलटून टाकून द्यावी लागलेली औषधे वेगळी दाखवायला हवीत. आणि लोकांसाठीच्या सारांशात वस्तुरूप मदतीचा रकाना रोखीपासून वेगळाच हवा, कारण वर्तुळाखाली 'तुमचा रुपया' लिहिले आहे. वाचक रुपया देतो, गोळ्यांची पाकिटे देत नाही.

आता हे तिन्ही बाजूला काढून रोखीचा हिशेब करू. वर्तुळातल्या देणग्यांच्या 48 लाखांतून कायम निधीचे 12 वजा केले की 36 राहतात. त्यात सीएसआरचे खर्च झालेले 12 आणि व्याजाचे 10 मिळवले की 58 लाख होतात. वर्तुळातल्या रुग्णसेवेच्या 91 लाखांतून 12, 8 आणि 22 वजा केले की 49 लाख राहतात. प्रशासनाचे 6 आणि निधीसंकलनाचे 3 तसेच ठेवले की खर्चही 58 लाख. म्हणजे रुपयातले साडेचौऱ्याऐंशी पैसे रुग्णसेवेवर, दहा पैशांच्या थोडे वर प्रशासनावर आणि पाच पैशांच्या थोडे वर निधीसंकलनावर गेले.

हा आकडा अजिबात लाजिरवाणा नाही. हिशेबनीस, लेखापरीक्षण, वीजबिल यांवाचून संस्था चालत नाही. साडेचौऱ्याऐंशी छापले असते तर मी हे पत्र लिहिले नसते.

याच 49 लाखांत 9 लाखांची रुग्णवाहिका आहे. प्राप्तिकरासाठी तिची पूर्ण खरेदी त्याच वर्षी धर्मादाय कामावरचा खर्च धरता येते. अनुसूची 9 मध्ये मात्र फक्त घसारा, म्हणजे त्या वर्षापुरती झिजलेली किंमत, येतो, इथे 15 टक्क्यांनी 1 लाख 35 हजार. म्हणूनच वरच्या रोखीच्या हिशेबात शिल्लक शून्य दिसते आणि उत्पन्न-खर्च पत्रकात 7 लाख 65 हजारांचे आधिक्य. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण 'यात 9 लाखांची रुग्णवाहिका आहे' ही एक ओळ सारांशात नसेल तर वाचणारा गोंधळणारच. पुढच्या वर्षी अशी खरेदी नसेल तेव्हा रुग्णसेवेचा टक्का घसरेल, आणि लोक विचारतील की काम कमी का झाले.

आणखी एक. व्याज 10 लाख आहे. सात टक्क्यांनी धरले तर मागे सुमारे 1 कोटी 43 लाखांच्या ठेवी असणार. वर्तुळात त्यांचा उल्लेखच नाही. त्या असण्यात वावगे काही नाही, पण देणगी मागताना सांगायला हव्यात. आरंभीची शिल्लक, वर्षभरातली जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक, एवढे चार आकडे वर्तुळाशेजारी हवेत. यंदाची आरंभीची शिल्लक गेल्या वर्षीच्या अखेरच्या शिलकीशी जुळते का, हे मग कोणीही दोन अहवाल शेजारी ठेवून पाहू शकेल.

जाता जाता, त्याच चौकटीत आपण 'देणगीवर करात 50 टक्के सूट' छापले आहे. देणगीची ती वजावट उत्पन्नातून मिळते, करातून नाही. दोन हजारांहून अधिक रोख दिली तर ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला तर मुळीच मिळत नाही. ती चौकट वाचून कोणी मार्चअखेर पाच हजार रोख देऊन येण्याआधी दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, चौकट होती त्याच पानावर हवी.

— एक वाचक, धंतोली, नागपूर