नाशिकचा हुकूमनामा रॉटरडॅममध्ये का अडतो? विधी मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय विधी व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

मी नाशिकमध्ये वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांत द्राक्षांचे निर्यातदार बरेच आहेत. करार करताना ते दर, पेटीचं वजन, मण्यांचा आकार, फवारणीच्या औषधांच्या अंशाची म्हणजे रेसिड्यूची मर्यादा हे सगळं बारकाईने तपासतात. कायदा कुठला लागू आणि दावा कुठे, हे सांगणारी शेवटची दोन वाक्यं मात्र पैसे अडकल्यावरच वाचली जातात. त्या दोन वाक्यांविषयी आणि त्यांत आपल्या मंत्रालयाच्या हाती काय आहे, याविषयी हे पत्र आहे.

एक उदाहरण घेऊ. निफाडच्या निर्यातदाराने रॉटरडॅमच्या आयातदाराला तीन कंटेनर द्राक्षं ठरलेल्या दराने विकली. माल पोचल्यावर तिकडून क्यूसी रिपोर्ट, म्हणजे मालाच्या दर्जाच्या तपासणीचा अहवाल, आला की मणी गळलेत, देठ सुकलेत. आयातदाराने परस्पर क्लेम कापला आणि 60,000 युरो थांबवले. निर्यातदाराच्या मते माल निघताना चोख होता. आता त्याने जायचं कुठे?

करारात 'नाशिकच्या न्यायालयांना एक्सक्लुझिव्ह अधिकारक्षेत्र', म्हणजे दावा फक्त इथेच, असं लिहिलेलं असेल तर त्याला हायसं वाटतं. आपलं कोर्ट, आपली भाषा, आपला वकील. दावा लागतो, समन्स परदेशी पाठवावं लागतं, दोन-तीन वर्षांनी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा अंमलात आणायचा निकाल, हाती येतो. पण आयातदाराचं खातं, गोदाम, सगळं नेदरलँड्समध्ये आहे. नेदरलँड्सशी आपला असा कोणताही तह नाही, ज्याच्या आधारे नाशिकच्या हुकूमनाम्याची तिथे थेट अंमलबजावणी करता येईल. तिथल्या दिवाणी प्रक्रिया कायद्याच्या कलम 431 नुसार नव्याने दावा लावावा लागतो. नाशिकच्या कोर्टाला अधिकार होता का, सुनावणी रास्त झाली का, निकाल तिथल्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध किंवा आधीच्या निकालाशी विसंगत आहे का, हे तिथले न्यायाधीश तपासतात. सगळं जुळलं तर ते आपला निकाल मानतात, मूळ वाद पुन्हा उकरत नाहीत. तरी दुसरा वकील, दुसरा खर्च आणि दुसरी वाट पाहणं चुकत नाही.

बरं, मग पहिल्याच दिवशी रॉटरडॅमला दावा का लावू नये? कारण आयातदार तोच करार पुढे करून म्हणेल की तुम्हीच 'फक्त नाशिक' लिहिलंत. आपल्या रक्षणासाठी घातलेलं वाक्य असं आपल्याच पायात येतं. उलट करारात 'फक्त रॉटरडॅम' असेल तर दावा चालवणं महाग आणि अनोळखी, पण निकाल जिथे पैसे आहेत तिथेच लागतो. म्हणून मी पक्षकाराला आधी एकच विचारते, समोरच्याची मालमत्ता कुठे आहे? ती परदेशात असेल आणि त्या देशाशी आपला तह नसेल, तर आज मी नॉन-एक्सक्लुझिव्ह कलम सुचवते, म्हणजे नाशिकचा अधिकार मान्य, पण दुसरीकडे जायची मुभाही कायम.

त्यालाही किंमत आहे. दार आपल्याला उघडं राहतं तसं समोरच्यालाही राहतं, आणि एकाच करारावर दोन देशांत दोन दावे उभे राहू शकतात. मोदी एंटरटेनमेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट या खटल्यात हेच झालं. 2000 सालच्या नैरोबीतल्या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा तो करार होता. त्यात इंग्लिश कायदा आणि इंग्लिश न्यायालयांचं नॉन-एक्सक्लुझिव्ह अधिकारक्षेत्र लिहिलेलं होतं. भारतीय कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा केला, तर समोरच्यांनी लंडनमध्ये रकमेचा. लंडनचा दावा रोखणारा मनाईहुकूम मुंबईत एकल न्यायाधीशांनी दिला, खंडपीठाने तो उठवला आणि 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचंच म्हणणं कायम ठेवलं. जे कोर्ट स्वतः कबूल केलंत तिथे चाललेला दावा केवळ गैरसोयीचा आहे म्हणून थांबवता येणार नाही.

कायद्याची निवड ही वेगळी गोष्ट आहे, आणि इथे लोक हमखास फसतात. कोर्ट नाशिकचं असलं म्हणून कायदा आपोआप भारतीय होत नाही. 'नेदरलँड्सचा कायदा लागू' असं लिहिलं की त्यासोबत आंतरराष्ट्रीय माल विक्रीचा 1980 चा व्हिएन्ना करार येतो, कारण नेदरलँड्स त्यात आहे. भारत त्यात नाही, म्हणून आपल्याकडे तो फारसा कोणी वाचलेला नसतो. तो नको असेल तर कराराबाहेर ठेवल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. गंमत अशी की तो निफाडच्या निर्यातदाराला उपयोगीही पडू शकतो. त्यानुसार खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासायचा असतो आणि दोष वाजवी मुदतीत नेमका कळवायचा असतो, नाहीतर त्याचा हक्क सहसा जातो. द्राक्षांसारख्या मालात ही मुदत फार लांब असू शकत नाही. उशिरा आलेल्या क्यूसी रिपोर्टला तिथेच उत्तर आहे.

आता आपल्याकडे मागणं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली काही देशांच्या कोर्टांचे हुकूमनामे आपल्याकडे थेट बजावता येतात. आपण ज्या देशांना या परस्पर मान्यतेच्या यादीत घेतलं, त्यांत ब्रिटन, सिंगापूर आहेत, जानेवारी 2020 मध्ये संयुक्त अरब अमिरातीही आली. युरोपीय संघातला एकही देश त्यात नाही. देशागणिक तह करत बसण्यापेक्षा जवळचा रस्ता आहे 2005 चा हेग न्यायालय-निवड करार. तो 2015 पासून लागू आहे, युरोपीय संघ, ब्रिटन आणि सिंगापूर त्यात आहेत. त्याचा नियम साधा आहे. पक्षांनी एक्सक्लुझिव्ह म्हणून निवडलेल्या कोर्टाने दावा ऐकायचा, इतर कोर्टांनी बाजूला व्हायचं आणि त्याचा निकाल सदस्य देशांनी मानायचा. निवडलेलं कोर्ट एक्सक्लुझिव्ह नाही असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर ते एक्सक्लुझिव्हच समजलं जातं. भारताने यावर अजून सही केलेली नाही. ती झाली आणि करार आपल्याकडे लागू झाला, तर त्यानंतरच्या करारांतलं 'फक्त नाशिक' हे वाक्य रॉटरडॅममध्ये खरंच चालेल.

हे दुहेरी आहे, याची मला जाणीव आहे. 'फक्त रॉटरडॅम'वर सही करणाऱ्या आपल्या माणसाविरुद्धचा तिथला निकालही इथे सहज बजावता येईल. पण योग्य सूचना न मिळणं, फसवणूक, सार्वजनिक धोरण या कारणांनी तो नाकारण्याची सोय करारात आहे, आणि ग्राहक व नोकरीचे करार त्यातून वगळलेले आहेत. मालवाहतूकही वगळलेली आहे, त्यामुळे शिपिंग कंपनीच्या बिल ऑफ लॅडिंगवरचं, म्हणजे माल जहाजात घेतल्याच्या पावतीवरचं, कोर्टाचं कलम जसंच्या तसं राहील, हेही सांगायला हवं. लवाद आहेच की, असं आपले अधिकारी म्हणतील. लवादाचा निवाडा 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे तिकडे चालतो, हे खरं. पण 60,000 युरोंच्या वादात लवादांची फी आणि दोन्हीकडचे वकील धरले तर छोट्या निर्यातदाराच्या हाती फार थोडं उरतं.

समन्स परदेशी बजावण्याचा 1965 चा हेग करार आपण 2006 मध्ये स्वीकारला आणि त्याचं काम आपल्याच मंत्रालयाकडे आहे. म्हणजे दाव्याची नोटीस पोचवायची व्यवस्था आपण केली, निकाल पोचवायची राहिली. 2005 च्या करारावर सहीचा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे न्यावा, ही विनंती. तोवर वाणिज्य मंत्रालयाशी बोलून निर्यातदारांच्या नोंदणीसोबत मराठीसह प्रादेशिक भाषांत एक पान द्यावं. त्यात कायद्याचं कलम वेगळं आणि कोर्टाचं वेगळं असावं, आणि कोणत्या देशाच्या खरेदीदाराशी 'फक्त' हा शब्द लिहावा, कोणाशी लिहू नये, हे असावं. पुढचा हंगाम जानेवारीत सुरू होईल, करार त्याआधीच होतात. ते पान दिवाळीपर्यंत हाती आलं तर उपयोगी पडेल.

आपली विश्वासू,
नाशिकमधील एक वकील