राजपत्रात जुने नाव पूर्ण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाव बदलण्याविषयीचा आपला कालचा लेख वाचला. प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात, मग राजपत्र, हा क्रम बरोबर आहे. पण लोक जिथे अडकतात, त्याबद्दल त्यात एक ओळही नाही.

आपल्याकडे लग्नानंतर फक्त आडनाव बदलत नाही, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते. माझ्या बहिणीचे नाव वारसनोंदीने माहेरच्या सातबाऱ्यावर लागले, तेही माहेरच्याच पूर्ण नावाने. आधार आणि पॅन मात्र सासरच्या नावाने. वाटणीपत्राच्या वेळी दोन्ही नावांची बाई एकच, याचा पुरावा मागितला गेला. लग्नाची नोंदणी केलेली नव्हती आणि मेहुणे हयात नाहीत, म्हणून राजपत्राचा मार्ग धरला. अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाने जुन्या नावाच्या रकान्यात तिचे नाव आणि माहेरचे आडनाव एवढेच टाकले. वडिलांचे नाव गाळले. तसेच छापून आले, आणि सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळत नाही म्हणून कागद परत मिळाला. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क.

मजकूर तपासणे शासन आपले काम मानत नाही. अर्जदाराने दिले तेच छापले जाते आणि त्याच्या खरेपणाची जबाबदारी शासनावर नाही, अशी टीप राजपत्रातच असते. म्हणून जो कागद पुढे तपासला जाणार आहे, तो समोर ठेवून त्यातले जुने नाव अक्षर न् अक्षर तसेच लिहावे. सातबारा असो की दहावीचे प्रमाणपत्र. आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येते, त्यामुळे राजपत्र हातात येण्याआधी तिकडे धावू नये. आधार दुरुस्त झाले की पॅन, मग बँक. हे आपल्या लेखात चौकट करून द्यायला हवे होते.

आणखी एक. प्रतिज्ञापत्रासाठी तिला पाचशे रुपयांचा स्टॅम्प घ्यायला लावला. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचे मुद्रांक शुल्क १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने माफ आहे, साध्या कागदावर चालते. २०२४ मध्ये शंभराचे पाचशे झाले तेव्हा शासनाने हे पुन्हा स्पष्ट केले होते. तरीही खिडकीवर स्टॅम्पच मागतात, आणि विधवा बाई वाद घालत उभी राहत नाही, पैसे भरून मोकळी होते. ही अधिसूचना प्रत्येक सेतू केंद्राच्या दारावर लावायला जिल्हाधिकाऱ्यांना काय अडचण आहे, हे आपल्या वार्ताहराने त्यांना विचारावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा