ज्या सिस्टरांनी माझा निबंध पुन्हा लिहायला लावला, त्यांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

बी. एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात पुरुष मेडिकल वॉर्डात माझी क्लिनिकल पोस्टिंग होती, तेव्हा तुम्ही तिथल्या इन्चार्ज होता. दर पोस्टिंगला आम्ही वीसेक मुली येऊन जातो, त्यामुळे माझा चेहरा तुम्हाला आठवेल अशी अपेक्षा नाही. पण खिडकीजवळच्या खाटेवरचे शिंपीकाका नक्की आठवतील. हे पत्र उघडपणे लिहीत आहे, कारण वॉर्डातल्या एखाद्या प्रसंगाकडे मागे वळून पाहणारा रिफ्लेक्टिव्ह निबंध लिहिण्याची वेळ आता माझ्या मागच्या तुकडीवर आली आहे आणि त्यांच्यापैकी काही जणी माझ्याकडे ‘तयार नमुना’ मागत आहेत. काकांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या सकाळी घडले ते थोडक्यात असे. काकांच्या उजव्या पायाच्या करंगळीला जखम होती, तिच्यात जंतुसंसर्ग झाला होता आणि उपाशीपोटी रक्तातील साखर २८६ आली होती. डॉक्टरांनी न्याहारीपूर्वी १० युनिट साधे इन्सुलिन लिहिले होते. ते जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यावे लागते. म्हणजे पोह्यांची गाडी वॉर्डात शिरण्याच्या आत मला तीन रुग्णांची इंजेक्शने संपवायची होती, आणि साडेआठला ट्युटर मॅडमांची फेरी होती. स्टाफ सिस्टर दोन खाटा पलीकडे उभ्या होत्या. मी ट्रे घेऊन गेले, काकांनी हात आडवा केला आणि म्हणाले, “इन्सुलिन नको.” मी म्हणाले, “काका, सुई अगदी बारीक असते, कळतही नाही.” ज्यांनी चाळीस वर्षे सुई हातात धरली, त्यांना मी हे सांगत होते. ते म्हणाले, “सुईची भीती मला सांगतेस?” त्यावर मी, उभ्याउभ्याच, असे म्हणाले की इन्सुलिन घेतले नाही तर पाय कापावा लागेल. काकांनी भिंतीकडे तोंड केले, आणि नंतर आलेल्या ड्रेसिंगवाल्या सिस्टरांनाही पाय दाखवला नाही.

मी नर्सेस नोट्समध्ये लिहिले, ‘पेशंट रिफ्यूज्ड इन्सुलिन, काउन्सेलिंग डन’, आणि तुम्हाला येऊन सांगितले. तुम्ही आधी डॉक्टरांना कळवले, अकरा वाजता साखर पुन्हा तपासायला सांगितले आणि मगच नोंदीवर बोट ठेवून मला विचारले, “काउन्सेलिंग म्हणजे तू नेमकं काय बोललीस?” मी ते वाक्य तुम्हाला मोठ्याने सांगू शकले नाही. आजवर मिळालेल्या कोणत्याही शेऱ्यापेक्षा ती शांतता मला जास्त लागली.

त्यानंतर तुम्ही काकांशी बोललात, ते मी दोन हातांच्या अंतरावरून ऐकले. ड्रेसिंगच्या वेळी लावतात तो पडदा तुम्ही सरकवलात आणि स्टूल ओढून बसलात, त्यामुळे काकांना मान वर करावी लागली नाही. इन्सुलिन घ्या असे तुम्ही म्हणालाच नाहीत. तुम्ही विचारलेत, “दादा, इन्सुलिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं?” आणि मग गप्प बसलात. ती शांतता मोडण्यासाठी मी दोनदा तोंड उघडणार होते. तुम्ही माझ्याकडे न पाहताच हात किंचित वर केलात. बऱ्याच वेळाने काका म्हणाले, “थोरला भाऊ.” भावाच्या पायाला अशीच जखम होती, एका दवाखान्यात त्याला इन्सुलिन सुरू झाले, त्याच आठवड्यात पाय गुडघ्याखाली कापला आणि महिना उलटायच्या आत तो गेला. काकांच्या हिशेबी हा क्रम सरळ होता: इन्सुलिन, मग पाय, मग माणूस. आणि सकाळी त्यांच्यासमोर इन्सुलिन धरून पाय कापण्याची गोष्ट मीच काढली होती.

तुम्ही लगेच दुरुस्ती केली नाहीत. भावाचे नाव विचारलेत, दोघांचे दुकान एकच होते का ते विचारलेत, आणि मग परवानगी मागितलीत: “यातलं मला जे माहीत आहे ते सांगू का?” त्यांनी मान हलवल्यावर तुम्ही सांगितलेत की जखम फार पसरल्यावर बहुधा माणूस दवाखान्यात येतो, तेव्हा साखर आवरायला इन्सुलिनही लागते आणि कधी कधी पायही वाचवता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात होतात, पण त्या एकाच कारणाच्या असतात. एकीमुळे दुसरी होत नाही. “तुमचा पाय वाचेलच असा शब्द मी देत नाही, पण साखर अशीच चढी राहिली तर जखम भरायला जड जाईल, एवढं नक्की.” शेवटी त्यांनाच विचारलेत, “मी काय म्हणाले ते तुम्हाला कसं समजलं?” काकांनी दुपारच्या जेवणाआधीचा एक डोस घेण्याचे कबूल केले. एकच. तुम्ही तेवढ्यावर उठलात.

या प्रसंगावर मला गिब्ज यांच्या चक्रानुसार निबंध लिहायचा होता. ग्रॅहम गिब्ज यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या या चक्राच्या पायऱ्या आम्हा सर्वांना पाठ असतात: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतियोजना. मी सहा मथळे घातले, प्रत्येकाखाली एक परिच्छेद लिहिला आणि ट्युटर मॅडमांना देण्याआधी भीतभीत तुम्हाला दाखवला. पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाल्यावर, पर्स खांद्याला लावलेली असताना, तुम्ही तो उभ्याने वाचलात आणि पुन्हा खुर्चीत बसलात.

तुम्ही पहिल्याच परिच्छेदावर थांबलात. मी इंग्रजीत ‘रुग्ण असहकार करत होता आणि त्याला माहिती कमी होती’ अशा अर्थाचे वाक्य लिहिले होते. तुमचे म्हणणे होते की हे वर्णनच नव्हे, हा निकाल आहे. आणि निकाल पहिल्याच पायरीवर लागला तर पुढच्या पाचही पायऱ्या त्याचेच समर्थन करत बसतात. मग तुम्ही तो उपाय सांगितलात, जो आम्हाला मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगमध्ये प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणून शिकवतात. कागदाचे तीन रकाने करायचे. पहिल्यात काका काय बोलले ते, दुसऱ्यात मी काय बोलले ते, तिसऱ्यात त्या क्षणी माझ्या मनात काय होते ते. “आणि जे मराठीत घडलं ते मराठीत लिही,” असे तुम्ही बजावलेत. निबंध इंग्रजीत द्यायचा असताना ही दुप्पट मेहनत कशाला, असे मला तेव्हा वाटले होते, हे आज कबूल करते.

त्या रात्री वसतिगृहात मी तीन रकाने आखले. इंग्रजीतल्या ‘काउन्सेलिंग डन’च्या जागी, दुसऱ्या रकान्यात, माझ्याच अक्षरात ‘पाय कापावा लागेल’ असे उतरले. तिसऱ्या रकान्यात ‘रुग्णाविषयी चिंता’ लिहायला घेतले आणि खोडले, कारण त्या क्षणी माझ्या मनात अजून दोन इंजेक्शने, पोह्यांची गाडी आणि साडेआठची फेरी एवढेच होते. म्हणजे धमकी काकांच्या साखरेमुळे आली नव्हती, माझ्या घाईतून आली होती. ‘भावना’ या मथळ्याखाली मी आधी ‘मला वाईट वाटले’ लिहिले होते. ते वाईट वाटणे नंतरचे होते. त्या क्षणाची भावना राग होती, आणि ती लिहिल्याशिवाय विश्लेषणाला हात घालता येत नव्हता.

विश्लेषण मग आपोआप बदलले. पहिल्या मसुद्यात मी रुग्णाचे अज्ञान आणि आरोग्यशिक्षणाची गरज यांवर लिहिले होते. दुसऱ्यात असे लिहावे लागले की काकांना माहिती होती, एका मरणाची. आणि माझी माहिती तिच्यावर ओतण्याआधी ती मी विचारली नाही. शिवाय ज्याला सुटकेची वाटच दिसत नाही त्याला आणखी भीती दाखवली, तर तो ऐकणे बंद करतो आणि मदतीचे इतर हातही झटकतो. न दाखवलेले ड्रेसिंग हे त्याचेच चिन्ह होते, आणि मी ते ‘असहकार’ या खात्यात टाकले होते.

हा दुसरा मसुदाही तुम्ही वाचलात, आणि त्यात मी स्वतःला इतके झोडपले होते की तुम्ही हसून विचारलेत, “हा निबंध काकांबद्दल आहे की तुझ्या पश्चात्तापाबद्दल?” मूल्यमापनात काय बरे झाले तेही लिहायचे असते, हे मी विसरले होते. नकार मी लपवला नव्हता, जबरदस्ती केली नव्हती, आणि पाच मिनिटांत तुम्हाला कळवले होते. एवढे तरी नोंदवायला तुम्ही लावलेत. ‘संवादकौशल्य सुधारेन’ या माझ्या कृतियोजनेवर तुम्ही पेन्सिलीने लिहिलेत, ‘कधी? कोणत्या वाक्याने?’ तिच्या जागी शेवटी हे उतरले: रुग्णाने नकार दिला तर ट्रे खाली ठेवीन, बसेन, ‘याबद्दल तुम्ही काय ऐकलंय, काय पाहिलंय?’ एवढेच विचारीन. दुसऱ्यांदा मन वळवायला जाणार नाही, आणि इन्चार्जना कळवताना रुग्णाचे शब्द जसेच्या तसे सांगीन.

पुढच्या पोस्टिंगला एका मावशींनी इन्हेलर नाकारला तेव्हा मी बसले, विचारले, आणि थांबले. मावशी “काही नाही” म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या. ती योजना दर वेळी चालत नाही, हेही तुम्हाला कळवायला हवे.

काकांची करंगळी काढावी लागली, पाऊल राहिले. ते इन्सुलिनमुळे, अँटिबायोटिकमुळे की वेळेवर झालेल्या शस्त्रक्रियेमुळे, हे वेगळे काढता येत नाही, म्हणून निबंधात मी तसा दावा केला नाही. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी तुम्ही त्यांना सिरिंज शिकवायचे काम माझ्याकडे दिलेत. मिलीलिटरला ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज, नारिंगी टोपणाची १०० युनिटवाली चालणार नाही, कारण तिच्यावर दहाच्या रेघेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात चारच युनिट जातील, हे मी सांगत होते. काकांनी सिरिंज उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि रेघा मोजून म्हणाले, “म्हणजे इंचाच्या टेपनं सेंटिमीटर मापायचं नाही.” नंतर माझ्या ॲप्रनकडे पाहून त्यांनी खिशाची शिवण तिरकी असल्याचे सांगितले. ती खरोखरच तिरकी होती.

निबंधाला दहापैकी सात गुण मिळाले. ‘वर्णन फार लांबले आहे’ असा शेरा होता. तो तीन रकान्यांचा कागद मी जपून ठेवला आहे, आणि नमुना मागणाऱ्या मुलींना निबंधाऐवजी कोरे तीन रकाने आखून देते. ड्यूटी संपल्यानंतर तुम्ही दोन दिवस माझ्यासाठी थांबलात, ते तुमच्या कामाचा भाग नव्हते. त्याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपली,
त्या पोस्टिंगमधली एक विद्यार्थिनी