प्रथम वर्षाला कपाशीवरचा एक प्रश्न विचारू द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

मा. महोदय, सप्रेम नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यात प्रथम वर्ष कला वर्गाला राज्यशास्त्र शिकवतो. उदारमतवाद, पुराणमतवाद आणि समाजवाद यांची तुलना करा, हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. उत्तरही ठरलेलं: प्रत्येकाची पाच वैशिष्ट्यं, शेवटी गुणदोष. अशा उत्तरात उदारमतवादाखालचं ‘स्वातंत्र्याला महत्त्व’ हे वाक्य उचलून समाजवादाखाली टाकलं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. विषय पाठ झाला, कळला नाही, हे मला त्यावरून समजतं.

म्हणून मी वर्गात कापूस एकाधिकार खरेदी योजना घेतो. 1972 पासून राज्यातल्या शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, असा कायदा होता. भाव आधी जाहीर व्हायचा. केंद्रावर गाड्यांची रांग लागायची, ग्रेडर गाडीतून बोंडाचा पुंजका ओढून धागा बघायचा आणि प्रत ठरवायचा. चुकारे मागाहून यायचे.

समाजवादी या योजनेच्या बाजूने उभा राहील. दिवाळीच्या तोंडावर घरात पैसा नसलेला शेतकरी आणि गोदामात माल दाबून ठेवू शकणारा व्यापारी यांच्यातला सौदा कागदावर खुला असतो. प्रत्यक्षात एकाला थांबता येतं, दुसऱ्याला येत नाही. ताकदच सारखी नसेल तर स्वातंत्र्य कसलं, असं तो विचारतो. उपाय म्हणून खरेदी समाजाच्या हाती द्या म्हणतो.

उदारमतवाद्याला नेमकी सक्तीच खटकते. माझा माल, मी कुणालाही विकेन. शरद जोशींची मांडणी याच वळणाची होती: शेतकऱ्याला दया नको, बाजार मोकळा हवा. शेजारच्या राज्यात भाव चढला की इथला कापूस चोरून सीमेपार जायचा. एका विद्यार्थ्याने वर्गात सांगितलं, ‘आमच्या आजोबांनी रात्री गाडी सेंधव्याकडे काढली होती.’ उलट बाहेर भाव पडला की तिकडचा माल आपल्या केंद्रांवर यायचा आणि तोटा सरकारच्या माथी बसायचा. भाव ठरवून दिला तरी बाजार त्याला वळसा घालतो, हे उदारमतवाद्याचं म्हणणं इतक्या ठळकपणे पुस्तकात सापडत नाही. मात्र उदारमतवादीही सगळे एका माळेचे नाहीत. सरकारच्या मदतीला जागा देणारा ब्रिटिश उदारमतवादी विचारवंत टी. एच. ग्रीन, त्याच्या वाटेने जाणारा म्हणेल, हमीभावाने खरेदी करायला सरकार खुशाल उभं राहू दे, पण शेतकऱ्याला दुसरं दार उघडं ठेवा. एकाधिकार आणि हमीभाव यांत हाच फरक आहे, आणि तो मुलांना एका मिनिटात कळतो.

खरी अडचण पुराणमतवादाची. मुलं त्याला धर्म, सोवळं आणि जुने रीतिरिवाज असं समजून मोकळी होतात. पण 1790 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना एडमंड बर्क जे सांगत होता त्याचा गाभा वेगळा आहे: पिढ्यान्‌पिढ्या घडलेली व्यवस्था कागदावरच्या आराखड्यासाठी एका फटक्यात मोडू नका, तिच्यात आपल्याला न दिसणारी कामं चाललेली असतात. अडत्या भाव पाडतो, खरं. पण पेरणीला उचलही तोच देतो. त्याला हटवलं तर ती उचल कोण देणार? 1972 मध्ये पुराणमतवादी हा प्रश्न विचारून योजनेला विरोध करेल. आणि 2002 च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना परवानगी मिळाली तेव्हा? तीस वर्षं गावाचं गणित त्याच योजनेवर बसलेलं. आता तोच म्हणेल, जरा दमानं घ्या. वर्ग इथे हमखास गोंधळतो. बाकीचे दोघे कुठे जायचं ते सांगतात, हा मुख्यतः किती वेगाने जायचं ते सांगतो, एवढं लक्षात आलं की गोंधळ सुटतो.

माणसं आणि पक्ष अर्थात एका खान्यात बसत नाहीत. राजाजींच्या 1959 च्या स्वतंत्र पक्षात मोकळ्या बाजाराचा आग्रह आणि परंपरेची ओढ एकत्र होती. फैजपूरच्या 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष नेहरू समाजवादाकडे झुकलेले होते, तरी व्यक्तिस्वातंत्र्याबाबत ते पक्के उदारमतवादी होते. तुलनेच्या तक्त्यात अशा माणसांना जागाच नसते.

अभ्यासक्रम विद्यापीठाचं अभ्यास मंडळ ठरवतं, हे मला ठाऊक आहे. पण नव्या शैक्षणिक धोरणामुळे सध्या अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत आणि आपल्या खात्याच्या सूचना त्यात विचारात घेतल्या जातात. माझी मागणी छोटी आहे. या घटकावर दरवर्षी एक प्रश्न स्थानिक वादावर असावा: कापूस, केळीचा पीक विमा, सातपुड्यातले वनहक्क, काहीही. तिन्ही बाजूंनी युक्तिवाद लिहायला सांगावा. गुण युक्तिवादाला द्यावेत, विद्यार्थी शेवटी कुठल्या बाजूला गेला याला नाही. आणि तपासनिसांना पाठवायच्या आदर्श उत्तरपत्रिकेत हे स्पष्ट लिहिलेलं असावं.

आपला,
राज्यशास्त्राचा एक अध्यापक, जळगाव जिल्हा