सिस्टर, तुम्ही ‘आशाकिरण’ खोडलंत म्हणून

प्रिय सिस्टर,

आपल्या कर्करोग विभागाच्या नव्या नावाची पाटी काल लागली. रंगारी शिडीवरून उतरला आणि मला पहिली आठवण तुमची झाली. नामकरण समितीत तुमचं नाव नव्हतं, म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितोय.

आम्ही पाच जण तीन बैठका बसून ‘आशाकिरण’वर आलो होतो. एकमताने. तुम्ही केमोच्या डे-केअरमधून दुसऱ्याच कामासाठी आला होतात, कागदावर नजर टाकलीत आणि म्हणालात, “किरण नको. लोकांना वाटेल इथे फक्त शेक देतात.” आम्ही हसलो. दोन दिवसांनी तुम्ही एका आजोबांचं वाक्य आणून दिलंत: “म्हणजे आता मला केमो नाही, लाईटवर घेणार?” आम्हाला कवितेतला किरण दिसत होता, त्यांना रेडिएशनचं मशीन दिसलं.

मग तुम्ही जे केलंत ते आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. उरलेली नावं चिठ्ठ्यांवर लिहिलीत आणि सलाईन चालू असताना एकेकाला विचारलंत. “नाव आवडलं का?” असं नाही, कारण त्याला सगळे होच म्हणतात. तुम्ही विचारलंत, “घरून फोन आला, कुठे आहात म्हणून, तर काय सांगाल?” आणि तोंडातून निघालं ते जसंच्या तसं टिपून ठेवलंत.

‘संजीवनी’ तिथेच पडलं. एक बाई म्हणाल्या, “डॉक्टरांनी मला सांगितलंय, हा आजार जाणार नाही, फक्त आवरून धरायचा. मग मी संजीवनीत कशाला?” ‘विजय’चं तेच. बरा झाला तो जिंकला म्हटलं, की नाही झाला तो आपोआप हरलेला ठरतो, आणि दोघंही शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. ‘अंकुर’ मला फार आवडलं होतं. पण ज्याची गाठ वाढतेय त्याला उगवण्याचा शब्द कसा ऐकू येईल, हे तुम्ही विचारल्यावर मी गप्प झालो. आणि ‘विसावा’! हे माझंच सुचवणं. मराठीत शेवटच्या वाटेवरही विसावा असतो, हे मला तुमच्या एका मावशींनी सांगावं लागलं.

‘सोबत’ तुमच्याच वहीतून आलं. “आईला एकटं वाटू नये म्हणून सोबत आलोय,” असं एक मुलगा फोनवर बोलला होता. हा शब्द बरं करण्याचं वचन देत नाही, त्यामुळे खोटा पडत नाही. पहिल्या केमोला आलेल्याला चालतो आणि फक्त वेदना कमी करायला आलेल्यालाही. आणि फोनवर दोनदा सांगावा लागत नाही.

देणगीदारांचा प्रश्न मात्र मला अवघड वाटत होता. त्यांना दारावर ‘कै.’ लावून वडिलांचं नाव हवं होतं, आणि पैसे त्यांचेच. तुम्ही त्यांना डे-केअरमध्ये नेलंत, एका रिकाम्या खुर्चीवर बसवलंत आणि इतकंच म्हणालात, “पहिल्यांदा आलेला माणूस दारात काय वाचेल बघा.” आता वडिलांचं नाव आतल्या भिंतीवर आहे, ‘यांच्या देणगीतून’ असं, ‘कै.’शिवाय.

एका बाबतीत मी तुमच्याशी भांडलो होतो. मला पाटीवर ‘कर्करोग’ हा शब्दच नको होता. तुम्ही म्हणालात, स्ट्रेचर घेऊन येणारा नवा ड्रायव्हर ‘सोबत’ शोधत बसणार नाही. म्हणून वर मोठ्या अक्षरात ‘सोबत’ आणि खाली, लहान पण लांबून वाचता येईल असं, ‘कर्करोग उपचार विभाग’. तारखेच्या मेसेजमध्ये मात्र फक्त ‘सोबत, पहिला मजला’, कारण तो मेसेज शेजारी बसलेला सहकारीही वाचतो. दोन्ही तुमचंच.

हे नाव किती दिवस हलकं राहील, सांगता येत नाही. ‘टाटा मेमोरियल’ 1941 साली सुरू झालं. आज कुणी “टाटाला नेलंय” म्हटलं की आजाराचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या शब्दालाही कधीतरी तो रंग चढेल. तेव्हा पाहू.

आज सकाळी एक बाई एकट्याच आल्या. पाटी वाचून त्यांनी चौकशीच्या खिडकीवर विचारलं, “सोबत कोण असतं?” खिडकीवरच्या मुलाला उत्तर देता आलं नाही. म्हणून सोमवारपासून पहिली केमो सुरू झाल्यापासून शेवटचं सलाईन निघेपर्यंत एक स्वयंसेवक तिथे बसेल, एकट्या आलेल्यांसाठी. पहिल्या आठवड्याच्या यादीत मी माझं नाव घातलंय. त्यांच्याशी काय बोलायचं असतं, ते तेवढं आधी येऊन शिकवा.

तुमचा आभारी,
समितीतला ‘विसावा’वाला