तक्रार: मॅग्नेशियम क्लोराइड पाघळलेले आणि सोडियम थायोसल्फेट सुकलेले मिळाल्याबाबत

प्रति,
विक्री व्यवस्थापक,
रसायन विभाग

दिनांक: 14 जुलै

विषय: दोन बाटल्या बदलून मिळण्याबाबत व पॅकिंगबाबत

महोदय,

आमचे रत्नागिरी जिल्ह्यात कोळंबी बीजाचे केंद्र आहे आणि त्याची प्रयोगशाळा मी सांभाळतो. आपल्याकडून 500 ग्रॅमच्या दोन बाटल्या आल्या. मे महिन्यात सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेट आले आणि जुलैच्या सुरुवातीला मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट. दोन्हींबद्दल फोनवर तक्रार केली. पहिल्या वेळी आपल्या प्रतिनिधींनी "वजन कमी भरले असेल तर पुढच्या बिलात तेवढी वजावट देतो" असे सांगितले. दुसऱ्या वेळी "वजन पूर्ण आहे, उलट जास्तच आहे, मग तक्रार कसली?" असे उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे ऐकून हे पत्र सविस्तर लिहावे लागत आहे.

आधी मॅग्नेशियम क्लोराइड. बाहेरचे झाकण घट्ट होते, पण आतले प्लास्टिकचे बूच नव्हते आणि तोंडावर सीलही नव्हते. आत पांढरे ओले गठ्ठे होते आणि बाटली तिरपी केली की तळाशी दाट पाणी हलताना दिसत होते. हे मीठ नुसते दमट होऊन थांबणारे नाही. 25 अंशांना हवेची सापेक्ष आर्द्रता 33 टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून त्यातच विरघळू लागते. पावसाळ्यात कोकणातली हवा त्याच्या दुपटीहून अधिक दमट असते, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे सगळी भिस्त बुचावर आणि नेमके तेच नाही. आपल्याच कंपनीची तशीच रिकामी बाटली वजा करून पाहिले तेव्हा आतला माल 538 ग्रॅम भरला. वरचे 38 ग्रॅम मीठ नाही, पाणी आहे. तेव्हा वजन जास्त भरणे हीच आमची तक्रार आहे.

आम्ही अळ्यांच्या चाचण्यांसाठी कृत्रिम समुद्रपाणी बनवतो. (दारात समुद्र असताना हा उद्योग कशाला, असे पाहुणे विचारतात. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी क्षारता रोज बदलते, म्हणून.) केस्टर आणि सहकाऱ्यांनी 1967 साली दिलेल्या पाककृतीत मॅग्नेशियम क्लोराइड कोरडे तोलून घालत नाहीत, तर माहीत ताकदीच्या द्रावणातून मोजून घालतात, ते याच मिठाच्या या खोडीमुळे. त्यासाठी 1 मोलर साठा द्रावण लागते. 250 मिलिलिटरला 50.83 ग्रॅम मीठ. तोलतानाच अडचण दिसली. काट्यावरचा शेवटचा आकडा थांबेना, सारखा वर सरकत राहिला आणि कागदाला मीठ चिकटून राहिले. शेवटी झाकणाच्या वजनबाटलीत तोलले.

द्रावण झाल्यावर त्यातले 5 मिलिलिटर 100 ला पातळ केले आणि त्यातले 20 मिलिलिटर घेऊन पोटॅशियम क्रोमेट दर्शक वापरून 0.1 मोलर सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन केले. विटकरी रंग 20.0 मिलिलिटरला यायला हवा होता, तो 18.6 लाच आला. म्हणजे द्रावण 1 नव्हे, 0.93 मोलर. बाटलीच्या वजनाशीही हे जुळते, कारण 538 मध्ये 500 म्हणजे 93 टक्केच होतात.

यावर आपल्या प्रतिनिधींनी दोन उपाय सुचवले. पहिला, "7 टक्के जास्त तोला". पण पाणी बाटलीत सारखे पसरलेले नसते, ते पाघळून खाली उतरते. वरचा गठ्ठा घेऊन तीच चाचणी केली तर 19.4 आले आणि तळाचा ओला भाग घेतला तर 17.2. यातला कोणता आकडा धरून दुरुस्ती करायची? दुसरा उपाय, "ओव्हनमध्ये वाळवून घ्या". हा तर मुळीच करू नये. तापवले की ओलाव्याबरोबर हेक्झाहायड्रेटचे स्वतःचे स्फटिकजलही जायला लागते आणि आणखी तापवले तर हायड्रोजन क्लोराइडच्या वाफा निघून बेसिक क्लोराइड मागे राहते. मग ते मॅग्नेशियम क्लोराइडच उरत नाही. खरा मार्ग एकच, अख्खी बाटली एकदम पाण्यात विरघळवून टायट्रेशनने ताकद ठरवणे. निकड असेल तर आम्ही तेही करू, पण तेवढे द्रावण एकाच वेळी करून ठेवायची आमची गरज नाही आणि 98 टक्के शुद्धतेच्या लेबलाचे पैसे देऊन ते करावे लागू नये.

आता थायोसल्फेट. इथे उलटे झाले. हे मीठ गरम कोरड्या हवेत आपले स्फटिकजल सोडते. बाटली नागपूरच्या गोदामातून आली होती आणि झाकण सैल होते. एरवी काचेसारखे दिसणारे खडे पिठूळ पांढऱ्या थराने झाकलेले होते, बोटाने दाबले की भुगा व्हायचा. माल 471 ग्रॅम भरला. आपण 29 ग्रॅमची वजावट देऊ केलीत, पण थायोसल्फेट एक कणही गेलेले नाही, गेले ते पाणी. म्हणून उरलेला प्रत्येक ग्रॅम जास्त कडक झाला आहे. 0.1 नॉर्मलसाठी लिटरला 24.82 ग्रॅम तोलले आणि 25 मिलिलिटर 0.1 नॉर्मल डायक्रोमेटने सोडवलेल्या आयोडिनवर तपासले, तर 25 ऐवजी 23.5 मिलिलिटरच लागले. द्रावण सहा टक्के कडक होते. हे न तपासता विंक्लर पद्धतीने टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन मोजला असता, तर 6.4 असलेला 6.0 दिसला असता आणि आम्ही विनाकारण एअरेटर वाढवत बसलो असतो.

या बाटलीत सिलिका जेलची पुडीही सापडली. एवढ्याशा पुडीने 29 ग्रॅम पाणी ओढले असे माझे म्हणणे नाही, ते सैल झाकणाने आणि उन्हाळ्याने गेले. पण स्फटिकजलावर ज्याचे वजन ठरते त्या मिठात शोषक टाकणे चुकीचेच आहे. आपल्याकडे सगळ्या बाटल्यांना एकच पॅकिंग होत असावे, अशी शंका येते.

तेव्हा दोन्ही बाटल्या बदलून द्याव्यात, वजावट नको. नव्या बाटल्यांना आतले बूच आणि तोंडावर सील असावे. मॅग्नेशियम क्लोराइड 100 ग्रॅमच्या पाच बाटल्यांत आले तर बरे, म्हणजे प्रत्येक बाटली उघडली की तिचे द्रावण करून ती संपवता येईल. थायोसल्फेट थंड जागी ठेवलेल्या मालातून आणि पुडीविना पाठवावे. विश्लेषण प्रमाणपत्रावर चाचणीची तारीख आहे, पॅकिंगची नाही, तीही लिहावी.

दोन्ही बाटल्या झाकणावर पॅराफिल्म गुंडाळून ठेवल्या आहेत. आपला माणूस येऊन पाहू शकतो किंवा परत न्यायची व्यवस्था आपण करावी. टायट्रेशनची नोंद, बिलांच्या प्रती आणि बाटल्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,

आपला,
प्रयोगशाळा प्रभारी,
कोळंबी बीजोत्पादन केंद्र, जि. रत्नागिरी